बारा इंची टॉम टुंईईई करतोय? टेप लावायच्या आधी खालचं हेड बघ

प्रश्न: सोलापूरचाच आहे, एफवायला, ड्रम शिकायला लागून तीन महिने झाले. सेकंडहँड पाच पीस किट घेतला, १२, १३, १६ चे टॉम, १४ चा स्नेअर, २२ चा बास. १२ चा टॉम मारला की टुंईईई करत राहतो, थांबतच नाही, आणि मधेच स्नेअर पण खरखरतो. टेप लावला तर डब्बा वाजवल्यासारखं होतंय. ट्यूनिंग कसं करू? चावी आहे माझ्याकडे.

उत्तर:

मित्रा, आधी एक काम कर, तो सगळा टेप काढून टाक आणि १२ चा टॉम स्टँडवरून उतरवून एका हाताने रिमला धरून मधोमध एक काडी मार आणि शेवटपर्यंत ऐक. आवाज लांबतोय ते सोड, तो लांबताना कसा लांबतोय ते ऐक. सरळ एका सुरात लांबत गेला तर दोन्ही हेड, म्हणजे वरचं आणि खालचं ताणलेलं पान, जवळजवळ एकाच सुरात आहेत. वांव-वांव-वांव असा हेलकावत गेला तर हेड सगळीकडून सारखं ताणलेलं नाही, एक बाजू चढी आणि एक उतरी आहे आणि दोन्हींचे सूर एकमेकांत भांडतायत. आणि मारल्याबरोबर वर जाऊन डूंऊऊ करत खाली घसरला तर हेड फार ढिलं आहे. सेकंडहँड किटमध्ये बहुतेक वेळा दुसरा प्रकार असतो, बऱ्याचदा दुसरा आणि पहिला एकत्र, आणि तू टेप लावतोस तेव्हा ह्यातलं काहीच दुरुस्त होत नाही, चांगला आवाज आणि वाईट आवाज दोन्ही सारखेच दाबले जातात, म्हणून डब्बा.

तुझा किट मी बघितलेला नाही त्यामुळे काही गोष्टी तिथं गेल्याशिवाय सांगता येणार नाहीत. हेड किती जुनी आहेत, वरचं हेड एकपदरी आहे का दुपदरी, शेल गोल आहे का कुठं दबलाय, ह्यावर बरंच अवलंबून आहे. पण मी ऑर्केस्ट्रात आणि लग्नाच्या कार्यक्रमात २० वर्षं वाजवतोय, असले किट शेकड्यांनी हाताखालून गेलेत, आणि ज्यांची हेड फाटलेली नव्हती त्यातले बहुतेक चावीनेच जागेवर आलेत.

रिंग येते कुठून ते आधी समजून घे म्हणजे पुढं चावी फिरवताना हाताला कळेल. तबला बघितलाच असशील, मधोमध ती काळी शाई असते. ती शोभेला नाही. नुसतं गोल ताणलेलं कातडं वाजवलं तर मूळ सुराच्या वर जे बारीक सूर निघतात ते मूळ सुराशी जुळत नाहीत, पहिलाच वरचा सूर साधारण १.५९ पट येतो, दुप्पट नाही आणि दीडपटही नाही, म्हणून कानाला तो गोंधळ वाटतो. शाईच्या वजनामुळे तबल्यात ते सूर जुळून येतात, सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये ह्यावर शोधनिबंध लिहिला होता. आपल्या ड्रमला शाई नाही, प्लॅस्टिकचं साधं पान आहे, त्यामुळे तो न जुळणारा वरचा सूर थोडा तरी राहणारच, कितीही भारी किट घेतला तरी. तो एकच ठेवायचा, त्याचे दोन-तीन होऊ द्यायचे नाहीत आणि तो लवकर विझेल असं करायचं, ट्यूनिंगमध्ये एवढंच करायचं असतं.

आता प्रत्यक्ष. दोन महिन्यांपूर्वी जुळे सोलापुरात एका मुलाचा अगदी तुझ्यासारखा १२ चा टॉम केला होता, ६ लगचा, म्हणजे रिम आवळणारे रॉड शेलवर जिथं बसतात त्या सहा जागांचा, तोच सांगतो म्हणजे नुसत्या नियमांपेक्षा लवकर कळेल.

दोन्ही बाजूंचे रॉड, रिम, हेड सगळं काढलं. शेल किचनच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर उपडा ठेवला, आत मोबाईलचा टॉर्च लावून ठेवला, खोलीतला लाइट बंद केला आणि शेलच्या कडेभोवती बघत फिरलो. कड ओट्याला सगळीकडे टेकली असेल तर उजेड बाहेर येत नाही. त्याच्या एका बाजूला नखाच्या जाडीएवढी उजेडाची फट दिसत होती. असली बारीक फट चालून जाते, पण एक रुपयाचं नाणं सहज आत जाईल एवढी असेल तर कड सुताराकडून घासून घ्यावी लागते आणि तोपर्यंत चावीने डोकं फोडण्यात अर्थ नाही. रिम पण तशीच ओट्यावर ठेवून बघ, डगमगली तर वाकलेली आहे. मग कड कोरड्या कापडाने पुसली, जुन्या टेपचा चिकटा होता तो काढला आणि प्रत्येक रॉडच्या आट्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब दिला. हा थेंब फार महत्त्वाचा आहे, का ते पुढं येतंय.

सुरुवात खालच्या हेडपासून. नवीन शिकणारे सगळे वरचंच हेड फिरवत बसतात कारण काडी तिथं पडते, पण आवाज किती वेळ टिकणार हे ठरवण्यात खालच्या हेडचा वाटा मोठा आहे. शेल उलटा करून घडी घातलेल्या चादरीवर ठेवला म्हणजे दुसरी बाजू गप्प राहते आणि एकाच हेडचा आवाज ऐकू येतो. हेड ठेवलं, रिम ठेवली, सगळे रॉड नुसत्या बोटांनी, चावी न लावता, जिथं अडतील तिथपर्यंत फिरवले. बोटांनी सगळे सारखे अडले पाहिजेत, इथं चूक झाली की पुढं सगळं चुकतं. मग चावीने अर्धा फेरा, पण ओळीने शेजारी शेजारी नाही, समोरासमोर, १ नंतर ४, मग २ नंतर ५, मग ३ नंतर ६. चारचाकीचं स्टेपनी बदलताना नट आवळतात ना तसं. ओळीने आवळत गेलास तर हेड एका बाजूला ओढलं जातं आणि परत सरळ होत नाही.

असे अर्धा-अर्ध्याचे दोन राउंड झाल्यावर हेडवरच्या सुरकुत्या गेल्या. तेव्हा तळहात मधोमध ठेवून बऱ्यापैकी दाब दिला म्हणजे हेड कडेवर नीट बसतं. नवीन हेड असेल तर कडकड आवाज येतो, घाबरू नको, गोंदाचा आवाज असतो तो. दाबल्यावर परत सुरकुती दिसली तर त्या ठिकाणी पाव फेरा दे.

मग कानाचं काम. एक बोट मधोमध नुसतं टेकवून ठेवायचं, दाबायचं नाही, आणि प्रत्येक रॉडसमोर रिमपासून साधारण एक इंच आत काडीच्या टोकाने हलकं टकटक करत फिरायचं. बोट टेकवलं की मूळ घुमारा दबतो आणि त्या त्या लगचा सूर सुटा ऐकू येतो. त्याच्या टॉमला १, २, ३, ५, ६ जवळपास सारखे आणि ४ स्पष्ट उतरा लागला. चारला चावीने थोडासा, म्हणजे आठवा भाग फेरा दिला. चार चढला पण त्याच्या बरोब्बर समोरचा १ पण चढला. हे नेहमी होतं कारण रिम एकच आहे, एका बाजूला खेचली की समोरच्या बाजूला पण ताण जातो. म्हणून कुठलाही लग उतरा लागला की आधी समोरचा बघायचा, तो चढा असेल तर ह्याला चढवण्यापेक्षा त्याला जरा उतरवलेलं बरं पडतं. १ ला एक केसभर ढिला केला, परत फिरलो, सहाही सारखे. एकदा ढिला केला की शेवटचा हात मात्र वर जाणारा ठेवायचा, म्हणजे सुराच्या थोडं खाली जायचं आणि वर चढत सुरावर यायचं, तबलजी गजऱ्यावर हातोडी ठोकत हळूहळू सुरावर येतो तसंच. खाली येत थांबलास तर रॉड अर्धवट अडकून राहतो आणि चार गाणी वाजवली की सूर पडतो.

मग शेल सरळ केला, वरच्या हेडला तसंच सगळं. इथं गंमत झाली. ३ नंबरचा रॉड हाताला सगळ्यात घट्ट लागत होता पण त्याच्यासमोर टकटक केलं की सूर सगळ्यात खाली. मुलगा म्हणाला, दादा हा तर फुल टाइट आहे. हेड ताणलं गेलेलं नव्हतं, रॉडचे आटेच गंजलेले होते, चावीचा सगळा जोर गंजाशी भांडण्यात जात होता. तेल आधी दिलं होतं तरी एवढ्याने भागलं नाही, रॉड पूर्ण बाहेर काढला, आटे जुन्या टूथब्रशने घासले, परत तेलाचा थेंब, परत बसवला आणि तीन मिनिटांत सुरावर आला. म्हणून मी कुणालाच फेरे मोजून ट्यून करायला सांगत नाही. फेरे पहिल्या दोन राउंडपुरते ठीक, त्याच्यापुढं हाताला घट्ट काय लागतंय ह्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, कानावर ठेवायचा.

आता दोन्ही हेडमधलं नातं, तुझ्या टुंईईईचं उत्तर बहुतेक इथंच आहे. दोन्ही एकाच सुरात ठेवलीस तर टॉम जास्तीत जास्त वेळ गातो. स्टेजवर मोकळ्या मैदानात ते छान वाटतं, पण आपल्या घरात, वर स्लॅब, खाली शहाबादी, भिंतीला काही नाही, तिथं ते डोक्यात जातं. खालचं हेड वरच्यापेक्षा थोडं चढं ठेवलं की दोघं एकमेकाला लवकर थांबवतात. मी साधारण असं करतो, वरच्या हेडचा लगजवळचा सूर सा धरला तर खालच्याचा लगजवळचा सूर कोमल गंधार. घरात हार्मोनियम असेल नाहीतर मोबाईलवर असतेच, तिच्यावर सा आणि कोमल ग दाबून बघ आणि ते अंतर कानात बसव, मग टकटक करून जुळव. अगदी तंतोतंत यायला पाहिजे असं नाही, मधे कुठंतरी आलास तरी फरक लगेच जाणवेल. फक्त तुलना करताना दोन्हींकडे लगजवळचाच सूर धर, एकीकडे मधोमध मारून आणि दुसरीकडे कडेला मारून जुळवायला गेलास तर कधीच जुळणार नाही, कारण कडेला तो वरचा सूर जास्त ऐकू येतो.

त्या मुलाच्या टॉमला आम्ही वरचं हेड सुरकुत्या गेल्यानंतर फक्त पाव फेरा वर ठेवलं होतं आणि खालचं कोमल गंधाराच्या आसपास. आधी त्याचा टॉम मारला की चार-पाच सेकंद टुंई ऐकू यायची, नंतर "डुंम्" करून एक-सव्वा सेकंदात विझायला लागला. टेपचा तुकडासुद्धा लावला नव्हता. एकूण पाऊण तास गेला, त्यातली वीस मिनिटं तो एक गंजका रॉड आणि सफाई.

१३ च्या टॉमला तेच सगळं, फक्त १२ पेक्षा स्पष्ट खाली ठेव, शुद्ध गंधाराएवढं अंतर ठेवलंस तर रोल मारताना दोघं वेगळे ऐकू येतील. १२ आणि १३ मापाने फार जवळचे आहेत, त्यामुळे १३ जरा ढिला आणि १२ जरा चढा ठेवावा लागतो. १६ चा फ्लोअर टॉम त्याच्याखाली मध्यमाएवढा. त्याचे पाय सरळ फरशीवर असतील तर खाली रबर घट्ट आहेत का बघ, रबर झिजून लोखंडी पाय फरशीला लागला की भसाडा आवाज येतो आणि माणूस हेडला दोष देत बसतो.

एवढं करूनही थोडी रिंग उरली तर मग दाबायची, पण थोडीशी. टिश्यू पेपरची बोटाएवढी घडी, मेडिकलमधला कागदी टेप, आणि तो रिमच्या लगत, काडी पडते त्याच्या समोरच्या बाजूला. एकच. ती कमी पडली तर फाटलेल्या हेडमधून एक इंच रुंदीची गोल रिंग कापून वरच्या हेडवर कडेने ठेव, ती स्नेअरला पण मस्त चालते. आणि दाबायच्या आधी कुणाला तरी मारायला लावून तू दहा-बारा पावलं लांब, दुसऱ्या खोलीत नाहीतर अंगणात जाऊन ऐक. ड्रमच्या मागं बसून जी रिंग कानात टोचते ती दहा पावलांवर निम्मी होते, आणि कीबोर्ड आणि बास गिटार चालू झालं की उरलेली पण त्यात मिसळते. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी हेच केलेलं, बसल्या जागी कानाला गोड लागेपर्यंत सगळ्या टॉमला रुमाल बांधले, आणि कार्यक्रमात मागच्या खुर्च्यांवरून लोक म्हणाले टॉम ऐकूच येत नव्हते, नुसता पत्रा ठोकतोय असं वाटत होतं. तेव्हापासून लांबून ऐकल्याशिवाय मी टेपला हात लावत नाही.

स्नेअरची खरखर वेगळी गोष्ट आहे. स्नेअरच्या खालच्या तारा खालच्या पातळ हेडला टेकलेल्या असतात, आणि टॉमचा सूर त्या हेडच्या सुराच्या जवळ आला की टॉम मारल्यावर ते हेड आपोआप थरथरतं आणि तारा वाजतात. खटका खाली करून तारा सोडून बघ, खरखर गेली तर हेच कारण. उपाय असा की १२ चा टॉम किंवा स्नेअरचं खालचं हेड, दोघांतलं एक पाव फेरा हलवायचं, बऱ्याचदा टॉम नीट लागल्यावर खरखर निम्मी आपोआप जाते. उरली तर स्नेअरच्या खालच्या बाजूला तारा जिथून बाहेर येतात त्या दोन्ही टोकांच्या आजूबाजूचे मिळून चार रॉड जरासे, आठवा भाग वगैरे, ढिले करून बघ. तारा करकचून ताणू नकोस, खरखर तर जात नाही आणि स्नेअरचा आवाज मात्र गळा दाबल्यासारखा होतो. बाकी खालचं हेड वरच्यापेक्षा चांगलं चढं ठेव आणि त्याच्यावर बोट रोवू नकोस, फार पातळ असतं ते. थोडीशी खरखर सगळ्याच किटला असते, ती शून्यावर आणायच्या नादाला लागू नकोस.

बासला फार वेळ घालवू नको. दोन्ही हेड सुरकुत्या जाईपर्यंत आणि वर पाव फेरा, बस. आत आपली सोलापुरी चादर घडी घालून ठेव, दोन्ही हेडला नुसती टेकेल एवढी. ह्या कामाला मला तरी तिच्याएवढं चांगलं दुसरं काही मिळालं नाही, वजनदार असते, जागा सोडत नाही. गादी किंवा उशा कोंबू नकोस, मग पेडल मारलेलं फक्त तुझ्या पायाला कळेल.

आणि आपल्या गावचं ऊन. हलगीवाले हलगी शेकून चढवतात कारण ती कातड्याची असते, उष्णतेने ओल जाते आणि कातडं ताणलं जातं. ते बघून माझ्या ओळखीच्या एकाने ड्रम उन्हात ठेवले होते, म्हणे चढतील. प्लॅस्टिकचं उलटं होतं, तापलं की ते सैल पडतं, सूर उतरतो, आणि एप्रिल-मे मध्ये टेम्पोत तापलेला किट उतरवून लगेच ट्यून केलास तर रात्री गार झाल्यावर सगळा चढलेला सापडतो. हॉलवर पोचलास की किट सावलीत अर्धा तास ठेव आणि मग चावी काढ. घरी पण गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवला असशील तर संध्याकाळी ट्यून करत जा.

एक शेवटचं. वर सांगितलं ते सगळं करूनही वांव-वांव जात नसेल तर हेड उजेडात तिरकं धरून बघ. मधोमध काडीच्या मापाचे खड्डे असतील, किंवा हेड रिममधून काढल्यावर टेबलावर सपाट न बसता बशीसारखं वाकून राहत असेल, तर ते ओढून संपलेलं आहे, कुणीही लावलं तरी ते सुरात येणार नाही. सगळ्या किटची एकदम बदलायची गरज नाही, आधी फक्त १२ चं वरचं घे, आणि नवशिक्याच्या हाताला आणि घरातल्या खोलीला दुपदरी घे, त्यात ७ मिलचे दोन पदर असतात, मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, १० मिलच्या एकपदरीपेक्षा ते मुळातच कमी किणकिणतं आणि जोरात मारलं तरी लवकर खड्डा पडत नाही. खालचं मात्र एकपदरीच राहू दे. लावून झालं की दोन दिवस वाजव आणि परत एकदा सहाही लग टकटक करून बघ, नवीन हेड पहिल्या दोन दिवसांत हमखास उतरतं.